रेघ बोलली पाहिजे

संजीव हेडाऊ सरांच्या शर्टाची उजवी बाही कायम खडूने पांढरी असायची. फळ्यावरची रेघ पुसायची तर डस्टर कोण शोधणार? बाही होतीच. आंधळगावच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी असल्याने त्यांचा खडू माझ्या साडीलाही लागे. मी चिडायचे, ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणूस सज्जन होता, पण सुधारण्यातला नव्हता.

सर विणकराच्या घरातले. घरात माग होता आणि त्यांची आई पार्वताबाई पंचाहत्तरी ओलांडूनही धागे जोडायला बसायची. मागावरचा उभा ताणा संपत आला की आमच्याकडचे विणकर तो शेवटपर्यंत विणून टाकत नाहीत. जुन्या धाग्यांची टोकं मागावर तशीच राखतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना पीळ देऊन जोडत जातात. जुनं टोक कापून फेकलं, तर सगळा माग पहिल्यापासून भरत बसावं लागतं. लहानपणी आईच्या मांडीशी बसून सरांनी हे इतकं पाहिलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नसे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी भंडाऱ्याला विज्ञान शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. प्रशिक्षणाहून माणसं एक फाईल आणि दोन दिवसांच्या जेवणाची तक्रार घेऊन परततात. हेडाऊ सर मात्र वेड घेऊन परतले. त्या वेडाचं नाव संकल्पना नकाशा.

मला आधी ती जळमटंच वाटली आणि तसं मी तोंडावर म्हटलंही. फळ्याच्या माथ्यावर एक प्रश्न, खाली धड्यातले महत्त्वाचे शब्द चौकोनांत. मोठी कल्पना वर, बारीक कल्पना खाली. मग या चौकोनातून त्या चौकोनात बाण. पण सरांचा सगळा जीव त्या बाणांवर लिहायच्या शब्दांत. ‘पाणी’ एका चौकोनात, ‘वाफ’ दुसऱ्यात आणि मधल्या बाणावर ‘तापलं की होते’. तिन्ही मिळून वाचलं की वाक्य झालं पाहिजे. एखाद्या पोराने नुसताच बाण ओढला की सर फळ्यावर बोट आपटत.

“ही रेघ मुकी आहे. काय संबंध आहे दोघांचा, ते सांग ना. रेघ बोलली पाहिजे!”

मुक्या रेघेला शून्य. यात दयामाया नाही. मी एकदा हौसेने ‘समास’ या विषयाचा नकाशा काढून त्यांना दाखवला. तीन रेघा मुक्या निघाल्या. त्यांनी लाल पेनाने तीन शून्यं काढली आणि वर “प्रयत्न चांगला” असा शेरा मारला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण चेष्टा कितीही केली तरी त्यात अर्थ होता, हे मला हळूहळू कळलं. धडा सुरू करायच्या आधी सर पोरांकडून पहिला नकाशा काढून घेत. “याच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते दिसते, मॅडम. मंग नवीन कुठं जोडायचं ते मले समजते,” असं ते म्हणत. धडा संपल्यावर त्याच प्रश्नावर दुसरा नकाशा. दोन्ही शेजारी ठेवले की पोर कुठून कुठे आलं ते दिसे. लेखी पेपरात घोकून पैकीच्या पैकी मिळवणारा पोरगा इथे उघडा पडायचा. त्याचे चौकोन सगळे जागेवर असत, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय म्हटलं की घाम फुटे. शासनाने आकारिक मूल्यमापन आणलं, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून श्रेणी द्यायची, तेव्हा बाकीच्यांनी कपाळाला हात लावला आणि हेडाऊ सरांना रान मोकळं झालं. नकाशावरच ते गुण देऊ लागले. बरोबर वाक्याला एक गुण. नकाशाच्या एका टोकाचा चौकोन दुसऱ्या टोकाच्या चौकोनाशी कुणी नेमका जोडला, तर त्या आडव्या रेघेला भरघोस गुण, कारण तशी रेघ पाठ करून येत नाही. आणि चुकीच्या वाक्याला वजा एक. हा शेवटचा नियम प्रशिक्षणातला नव्हता. तो सरांनी स्वतः घातला होता, पोरांनी अंदाजपंचे काहीही लिहू नये म्हणून.

एका वर्षी आठवीत तेजस्विनी होती. जवळच्या एका टोळीवरून सायकलने यायची. टोळी म्हणजे शेतांमधली वीसएक घरांची वस्ती. वडील नंदलाल, आई शेवंता, म्हातारा आजा देवाजी आणि तलावाखालच्या धानाच्या चार बांध्या. पोरगी बोलायला कमी. मराठीच्या तासाला मी काही विचारलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पण नकाशा काढायला कागद दिला की मान खाली घालून अशी बसायची की मधल्या सुट्टीची घंटासुद्धा तिला ऐकू येत नसे.

जुलैत रोवणे सुरू व्हायच्या तोंडावर सर दरवर्षी पुस्तकाबाहेरचा एक धडा घेत. साप चावल्यावर शरीरात काय होतं? आमच्याकडे चिखलात वाकून धान रोवायचं म्हणजे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भेगेत हात जाणारच. त्या वर्षीचा पहिला नकाशा वर्गाने काढला आणि सर तो गठ्ठा घेऊन तणतणत स्टाफरूममध्ये आले.

“पाहा मॅडम. वर्गातल्या एकाही पोराने हे सोडलं नाही.”

प्रत्येक कागदावर एक चौकोन होता, ‘झाडफूक’. आणि बाणावर ‘विष उतरवते’. कुणी लिंबाचा पाला जोडला होता, कुणी मंतरलेलं पाणी. तेजस्विनीच्या त्या चौकोनाला तर चार बाण होते.

सर तसेच वर्गात गेले. माझा तास शेजारी होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. “हे झाडफूक डोक्यातून काढून टाका! चौकोनच पुसा तो. दुसऱ्या नकाशात दिसला तर गुण कापीन.” मग फळ्यावर स्वतः तो शब्द लिहिला आणि बाहीने खसाखसा पुसला. पोरं हसली.

पुढचे आठ दिवस त्यांनी जीव ओतून शिकवलं. नागाचं विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, गिळता येत नाही. प्रतिविष रक्तातल्या विषाला निकामी करतं आणि ते फक्त दवाखान्यात मिळतं. ब्लेड मारू नका, करकचून बांधू नका, हात-पाय हलवू देऊ नका, निघा.

दुसरे नकाशे आले ते अगदी स्वच्छ. झाडफूक कुठे औषधालाही नव्हती. आणि तेजस्विनीच्या कागदावर एक आडवी रेघ होती. मागच्या महिन्यात झालेल्या श्वसनाच्या धड्यातून तिने ‘श्वास’ हा चौकोन स्वतःहून आणला होता आणि ‘स्नायू’पासून त्याच्याकडे बाण ओढून लिहिलं होतं, ‘हलले तरच चालतो’. म्हणजे साप पायाला चावला तरी माणूस श्वास अडकून का मरतो, ते या पोरीला न सांगता कळलं होतं. सरांनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. मुख्याध्यापकांनी सगळे नकाशे भिंतीवर लावले, तिचा मधोमध. सरांनी सगळ्या स्टाफला स्वतःच्या खर्चाने आलुबोंडे खाऊ घातले, हे आमच्या शाळेच्या इतिहासात नोंद घेण्यासारखं होतं.

रोवण्याच्या दिवसांत आमचा वर्ग अर्धा रिकामा असतो, म्हणून तेजस्विनी दोन दिवस दिसली नाही याचं कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी टोळीवरच्या एका पोराने सांगितलं, तेजस्विनीची आई गेली. नाग चावला होता.

आम्ही दोघं सरांच्या स्कूटरवर गेलो.  ओसरीवर नंदलाल गुडघ्यांत मान घालून बसला होता आणि देवाजी भिंतीकडे तोंड करून. कळलं ते असं. दुपारी धुऱ्याजवळ शेवंताच्या हाताला चावलं. म्हाताऱ्याने सांगितलं, झाडफूकवाल्याकडे न्या. शेजारच्या गावी नेलं. तो मंत्र म्हणत राहिला, लोक बसून राहिले. तिच्या पापण्या पडू लागल्या तेव्हा तो म्हणाला, विष उतरते म्हणून झोप येऊन राहिली. जीभ अडखळायला लागली तेव्हा कुठे नंदलालने जीप आणली. दवाखान्याच्या वाटेवरच श्वास थांबला. तेजस्विनी पूर्ण वेळ आईजवळ होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, सर तिच्या डोक्यावर हात ठेवतील. पण त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

“तुले ते आठवलं नाही काय, बेटा?”

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. मेलेल्या आईच्या घरी येऊन परीक्षा घेता?

पण पोरीने उत्तर दिलं, वर्गात कधी बोलली नाही एवढं.

“आठवलं ना, सर. सगळंच आठवलं. आईच्या पापण्या पडून राहिल्या होत्या, तवा ते स्नायूचं पण आठवलं.”

“मंग बोलली काहून नाही?”

“आजा तं झाडफूकचं बोलून राहिला होता. आपल्या नकाशात झाडफूक कुठं होती? मले वाटलं, ते शाळेतलं होय, अन् हे घरचं होय.”

 शेजारची एक बाई उंबऱ्याशी बसली होती. ती पदराआडून म्हणाली, “वर्गात पयली येते म्हणे. अन् मायसाठी तोंड नाही उघडलं.” ते पोरीने ऐकलं. त्या बाईला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

आम्ही निघताना नंदलाल स्कूटरपर्यंत आला. “शाळेत नाही येत म्हणते, सर. जेवत नाही. मीच आईले मारलं म्हणते.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर सर भिंतीवरचे नकाशे उतरवत होते. पहिल्या नकाशांचा गठ्ठा बाकावर, दुसऱ्यांचा त्याच्या शेजारी. त्यांनी मला समोर बसवलं. डोळे लाल होते.

“मॅडम, पोराच्या डोक्यात आधी काय आहे ते पाहायचं, अन् नवीन त्याले जोडायचं. हे मी दहा वर्षं सांगून राहिलो. हे पाहा, त्यायनं सांगितलं होतं मले. सगळ्यायनं. झाडफूक. तिथंच जोडायचं होतं. झाडफूक विष उतरवत नाही, मंग लोकायले काहून वाटते की उतरवते? कारण बरेच साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी कधी विष सोडत नाही. माणूस आपसूक वाचतो अन् नाव झाडफूकचं होते. एवढं बोललो असतो, तं रेघ घरापर्यंत गेली असती. मी चौकोनच पुसून टाकला. पोरायनं गुणासाठी शब्द कागदावरून काढला, डोक्यातून नाही. अन् मी त्याले पैकीच्या पैकी दिले.”

मी म्हटलं, सर, तुम्ही काही साप सोडला नव्हता. एवढंच सुचलं मला.

“माझी माय आंधळी व्हायला आली, तरी जुनं टोक कापत नाही,” ते म्हणाले. “मी कापलं.” आणि माझ्यासमोर तो पन्नाशीचा माणूस रडला. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर वजा एक बंद झालं. पुसणंही बंद. पहिला नकाशा पेन्सिलीचा, आणि त्याच कागदावर दुसरा पेनाचा. चुकलेल्या वाक्यावर एक बारीक आडवी रेघ, पण ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी नवीन वाक्य. शिवाय प्रत्येक धड्यात एक चौकोन सक्तीचा झाला, ‘घरी काय म्हणतात’. मुख्याध्यापकांना ते कागद गचाळ वाटले, भिंतीवर लावण्यासारखे राहिले नाहीत. सरांची बाही मात्र स्वच्छ राहू लागली. मला ती स्वच्छ बाही पाहवत नसे.

पण तेजस्विनी येईना. सर दर रविवारी टोळीवर जात. ती आत जाऊन बसे. दिवाळीच्या सुमारास ते मला म्हणाले, तुम्ही चला, तुम्ही असलात तर बाहेर येईल. त्यांनी सोबत एक मोठा कोरा कागद घेतला होता.

मला पाहून ती बाहेर आली. ओसरीवर कागद पसरला. माथ्यावर सरांनी लिहिलं, ‘त्या दिवशी काय झालं?’ मी म्हटलं, हे काय चालवलंय तुम्ही? त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. “गुण नाहीत याले,” ते पोरीला म्हणाले. “तुले काढावं वाटलं तं काढ.”

तिने कागद स्वतःकडे ओढला. मग पेन्सिल घेतली. नाग, विष, स्नायू, श्वास. मग ‘झाडफूक’. हा चौकोन काढताना तिने एकदा सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “काढ.” तिने तिथून ‘वेळ’कडे बाण नेला, ‘खाऊन टाकते’. ‘वेळ’पासून ‘श्वास’कडे आडवा बाण, ‘गेला की थांबतो’. आजाचा चौकोन काढला आणि ‘झाडफूक’ला जोडून लिहिलं, ‘भरवसा ठेवतो’. देवाजी मागे येऊन उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि कुणी वाचून दाखवलं नाही.

मग तिने खाली कोपऱ्यात ‘आई’ लिहिलं. बाजूला ‘मी’. मध्ये एक रेघ ओढली आणि पेन्सिल त्या रेघेवर ठेवून बसून राहिली.

सरांनी तिच्या हातातून पेन्सिल हळूच घेतली. ‘मी’च्या वर एक नवीन चौकोन काढून त्यात लिहिलं, ‘हेडाऊ सर’. त्यातून ‘झाडफूक’कडे ठळक बाण ओढला आणि त्यावर लिहिलं, ‘पुसायला लावली’. मग पेन्सिल परत दिली.

“हे खरं वाक्य आहे, बेटा. गुण द्यायचे तं याले दे. चूक इथं आहे. तुझ्या रेघेत नाही.”

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, “अन् ही? ही तं मुकी आहे, सर. इले शून्य ना?”

सरांनी पेन्सिल त्या रेघेवर नेली आणि काही न लिहिता परत ठेवली. मी पोरीला जवळ ओढलं आणि आईच्या मरणानंतर ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, असं नंदलाल नंतर सांगत होता.

दिवाळीनंतर ती शाळेत आली. पूर्वीसारखी झाली म्हणाल तर नाही झाली. हसणं मी पुन्हा पाहिलं नाही. पण नकाशे काढू लागली आणि प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, मग धडा विजेचा असो की आम्लांचा, दोन छोटे चौकोन असायचे. ‘आई’ आणि ‘मी’. मध्ये एक रेघ, तिच्यावर काही नाही. वर्गातल्या कुणीही मुकी रेघ ओढली तर सर अजूनही शून्य देत. या रेघेला ते ना गुण देत, ना शून्य. तिच्यावरून त्यांचं लाल पेन नुसतं पुढे जाई.

ती दहावीत असताना वरून एक अधिकारी मूल्यमापनाचे कागद बघायला आले. माणूस बारकाईने बघणारा होता. एका पोराच्या नकाशावर मुक्या रेघेला शून्य आणि तेजस्विनीच्या तशाच रेघेवर काहीच नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी कागद सरांसमोर धरला. “हेडाऊ, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. हिची ही रेघ रिकामी आहे. हिला शून्य का नाही?”

मी शेजारीच बसले होते. सरांनी चष्मा काढला, बाहीने पुसला आणि परत घातला.

“ती रेघ तिची नाही, साहेब,” ते म्हणाले. “माझी आहे. मले नाही भरता आली. तिले शून्य कायले देऊ?”

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी पुढचा कागद घेतला.